सामाईक रांगेत एका ग्राहकाची ४०,००० कामे आली की बाकीच्यांचे काय करावे?

ऐरोलीकर

नमस्कार. आमचे कार्यालय महापे येथे आहे आणि न्हावा शेवा बंदरावर काम करणाऱ्या क्लिअरिंग एजंटांना आम्ही कागदपत्रे तयार करून देणारी सेवा पुरवतो. ग्राहकाने माहिती भरली की तिची पीडीएफ तयार करण्याचे काम पोस्टग्रेसमधील एका टेबलात नोंदवले जाते आणि आठ वर्कर त्या टेबलातून जुन्यात जुने काम उचलून पूर्ण करतात. एका पीडीएफला साधारण तीन सेकंद लागतात. एरवी रांग जवळजवळ रिकामीच असते.

अडचण महिनाअखेरीस येते. आमचा सर्वांत मोठा ग्राहक सकाळी नऊ वाजता एकदम ४०,००० पीडीएफ मागवतो. आठ वर्करांना तेवढे काम संपवायला चार तास दहा मिनिटे लागतात. अशा दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी एखाद्या लहान एजंटाने पाच कागद मागितले, तर ते त्याला दुपारी एक वाजून गेल्यावर मिळतात आणि तोवर त्याचा माणूस बंदराच्या गेटवर ट्रकचालकासोबत ताटकळत उभा असतो. रांग बिघडलेली नाही, एकही काम हरवत नाही, आणि तरीही वीस ग्राहक दिवसभर फोन करत राहतात. मोठ्या ग्राहकाचाही यात काही दोष नाही, कारण महिन्याची कागदपत्रे महिनाअखेरीसच निघणार. अशा वेळी रांगेची शिस्त नेमकी कशी बदलावी, याविषयी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

कोपरखैरणे_सेक्टर

टेबलाची रांग करणे मुळातच योग्य नाही. यासाठी काफ्का वापरावे. ग्राहकाच्या क्रमांकावरून पार्टिशन ठरवले की प्रत्येकाची कामे आपोआप वेगळी होतील आणि संदेश हरवण्याचा प्रश्नही उरणार नाही.

पारसिक

संदेश हरवत आहेत, असे मूळ प्रश्नात कुठेही म्हटलेले नाही. काफ्कामध्ये ग्राहकाच्या क्रमांकावरून पार्टिशन निवडले, तरी पार्टिशनांची संख्या मर्यादितच असते. त्यामुळे मोठा ग्राहक ज्या पार्टिशनमध्ये जाईल, त्यात योगायोगाने आलेले दोन-तीन लहान ग्राहक आजच्याप्रमाणेच अडकून पडतील, आणि बाकीची पार्टिशने रिकामी झाली तरी तिथला कन्झ्युमर त्यांच्या मदतीला येणार नाही. साधन बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण पुढचे काम कोणाचे घ्यायचे हा निर्णयच त्यात बदललेला नसतो.

तलावपाळी

माझ्या मते उपाय सोपा आहे. आठ वर्करांचे सोळा करावेत आणि कोणत्याही ग्राहकाची एका वेळी दोनपेक्षा जास्त कामे चालू द्यायची नाहीत. ठाण्यात आमच्या जुन्या कंपनीत आम्ही अशीच मर्यादा घातली होती आणि तक्रारी त्याच दिवशी थांबल्या होत्या.

पारसिक

तलावपाळी यांनी मांडलेल्या दोन उपायांपैकी मर्यादेचा उपाय कामाचा आहे, पण मुख्य औषध म्हणून नव्हे. आधी वर्कर वाढवण्याचे पाहू. ४०,००० कामे प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे एकूण १,२०,००० सेकंदांचे काम झाले. सोळा वर्कर लावले तर ते दोन तास पाच मिनिटांत संपेल, म्हणजे लहान ग्राहकाची प्रतीक्षा निम्मी होईल एवढेच. जुनी शिस्त कायम ठेवून ती प्रतीक्षा एका मिनिटावर आणायची असेल, तर दोन हजार वर्कर लागतील आणि ते महिन्याचे उरलेले दिवस रिकामे बसतील.

आता दोन कामांच्या मर्यादेचे पाहू. मोठ्या ग्राहकाने शहाणपणाने हीच कामे रात्री दहा वाजता पाठवली, जेव्हा दुसरे कोणीच रांगेत नसते, तरी त्याला आठपैकी दोनच वर्कर मिळतील आणि सहा वर्कर मोकळे असताना त्याचे काम चार तासांऐवजी सोळा तास चाळीस मिनिटे चालेल. ज्या नियमामुळे काम असूनही वर्कर मोकळा राहतो, तो नियम मोठ्या ग्राहकाला विनाकारण दंड करतो.

खरा बदल निवडीच्या प्रश्नात करायला हवा. आज तुमचा वर्कर विचारतो की, सर्वांत जुने काम कोणते? त्याने विचारायला हवे की, ज्यांची कामे बाकी आहेत त्या ग्राहकांपैकी आता पाळी कोणाची? मग त्या ग्राहकाचे सर्वांत जुने काम घ्यावे. ही कल्पना नवीन नाही. जॉन नेगल यांनी नेटवर्कमधील पॅकेटांसाठी प्रत्येक स्रोताची वेगळी रांग करून आळीपाळीने उचलण्याची पद्धत १९८५ साली आरएफसी ९७० मध्ये मांडली होती, आणि त्यांचीही चिंता हीच होती की जास्त पाठवणाऱ्याला जास्त मिळू नये.

तुमच्याच आकड्यांवर ती लावून पाहू. मोठा ग्राहक आणि वीस लहान ग्राहक, असे एकवीस जण एकाच वेळी रांगेत आहेत असे धरले, तर सर्वांचे एकेक काम घेण्याची एक फेरी आठ वर्करांवर सुमारे आठ सेकंदांत पूर्ण होते. पाच कागद मागणाऱ्या एजंटाला पाच फेऱ्या लागतात, म्हणजे चाळीस सेकंद. आणि मोठ्या ग्राहकाचे नुकसान किती? सकाळपासून दुपारपर्यंत बाकीच्या सर्वांची मिळून १,५०० कामे आली असे समजा. ती सगळी त्याच्या आधी झाली, तरी त्याचे शेवटचे काम साडेनऊ मिनिटे उशिरा संपेल, म्हणजे एक वाजून दहा मिनिटांऐवजी एक वाजून वीस मिनिटांनी. इतरांचे चार तास वाचवण्यासाठी त्याची दहा मिनिटे जातात.

वागळे_इस्टेट

मी सॉफ्टवेअरमधला नाही. माझे पत्रा कापण्याचे लेझर यंत्र आहे आणि हा धागा वाचताना मला माझाच कारखाना दिसत होता. एका कंपनीची हजार नगांची ऑर्डर लागली की दहा नग मागणारे शेजारचे गाळेवाले माझ्यावर नाराज होतात. परंतु मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा एकेक नग आळीपाळीने कापू शकत नाही. दोन मिलिमीटरचा पत्रा काढून पाच मिलिमीटरचा चढवणे, नोझल आणि गॅसचा दाब बदलणे, पुन्हा चाचणीचा काप घेणे यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मोठ्या ऑर्डरचे कितीतरी नग निघाले असते. तुमच्या संगणकात असा फेरबदलाचा वेळ लागत नाही का? लागत असेल, तर ही पाळीची पद्धत सर्वांचेच नुकसान करील असे मला वाटते.

पारसिक

आपला मुद्दा अगदी योग्य आहे आणि तो संगणकालाही लागू पडतो. ग्राहक बदलताना वर्करला त्याचा नमुना, फॉन्ट आणि सही-शिक्क्याची चित्रे नव्याने उघडावी लागत असतील, तर तोही फेरबदलाचा वेळच झाला. त्यावरचा उपाय म्हणजे एका पाळीला एकच काम न घेता ठरावीक वेळेचा वाटा घ्यावा, उदाहरणार्थ तीस सेकंदांचा. श्रीधर आणि वर्गीस यांनी १९९५ साली मांडलेल्या डेफिसिट राउंड रॉबिन पद्धतीत असाच वाटा असतो आणि न वापरलेला उरलेला भाग पुढच्या फेरीत जमा धरला जातो. वाटा मोठा ठेवला की फेरबदल कमी होतात, पण लहान ग्राहकाला पाळीची वाट जास्त पाहावी लागते. तुमच्या यंत्रावर तो वाटा कदाचित एक पूर्ण पत्रा असेल. ऐरोलीकर यांच्याकडे मात्र नमुना उघडायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

ऐरोलीकर

नमुना वर्करच्या स्मृतीत राहतो, त्यामुळे फेरबदलाचा वेळ नगण्य आहे. परंतु या निमित्ताने एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. सर्वच कामे तीन सेकंदांची नसतात. मोठा ग्राहक अधूनमधून वार्षिक खतावणीचा अहवाल मागतो आणि त्या एका कामाला सहा मिनिटे लागतात. अशी कामे असतानाही पाळी पुरेशी ठरेल का?

पारसिक

कामांची संख्या मोजून पाळी दिली, तर ठरणार नाही. एका फेरीत वीस लहान ग्राहकांची मिळून साठ सेकंदांची कामे होतील आणि मोठ्याचे एकच काम तीनशे साठ सेकंद घेईल. दिसायला प्रत्येकाला एक पाळी मिळाली, पण वर्करांच्या दर सात मिनिटांपैकी सहा मिनिटे एकाच ग्राहकाकडे गेली. म्हणून पाळी वेळेने मोजली पाहिजे. प्रत्येक ग्राहकाच्या नावावर त्याने वापरलेल्या वेळेचे खाते ठेवायचे आणि ज्याचे खाते सर्वांत कमी असेल, त्याचे काम आधी घ्यायचे. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ग्राहकांचे एक छोटे टेबल पुरते आणि निवड अशी होते:

```sql
WITH t AS (
  SELECT id FROM tenant
  WHERE pending > 0 AND running < cap
  ORDER BY vtime
  LIMIT 1
  FOR UPDATE SKIP LOCKED
)
UPDATE tenant
SET pending = pending - 1,
    running = running + 1,
    vtime   = vtime + est_ms / weight
FROM t
WHERE tenant.id = t.id
RETURNING tenant.id;
```

यानंतर त्याच व्यवहारात त्या ग्राहकाचे सर्वांत जुने काम उचलावे, त्यावर चालू असल्याची खूण करावी आणि लगेच कमिट करावे. पीडीएफ तयार होईपर्यंत व्यवहार उघडा ठेवू नये. वेळेचा अंदाज काम उचलतानाच खात्यावर चढवला आहे, याकडे लक्ष द्यावे. काम संपल्यावरच वेळ चढवली, तर सहा मिनिटे चालणाऱ्या कामाच्या काळात त्या ग्राहकाचे खाते हलणारच नाही, आणि मोकळा होणारा प्रत्येक वर्कर पुन्हा त्याचेच काम घेईल. काम संपल्यावर प्रत्यक्ष वेळ आणि अंदाज यांतील फरक तेवढा दुरुस्त करावा.

तलावपाळी

पद्धत समजली. परंतु सकाळी आठ वाजता रांगेत फक्त मोठ्या ग्राहकाची आठ वार्षिक कामे आहेत असे समजा. तुमच्या नियमाप्रमाणे आठही वर्कर ती घेतील. आठ वाजून एका मिनिटाने लहान ग्राहक आला, तर त्याचे खाते कितीही कमी असले तरी त्याला पाच मिनिटे थांबावेच लागेल, कारण चालू काम मध्येच थांबवता येत नाही. मग माझी मर्यादा इथे लागतेच की नाही?

पारसिक

लागते, आणि वरच्या एसक्यूएलमध्ये `cap` ठेवला आहे तो त्याचसाठी. मात्र तो सर्वच कामांसाठी दोन ठेवण्याऐवजी मोठ्या ग्राहकासाठी आठपैकी सहा ठेवावा, म्हणजे दोन वर्कर नेहमी येणाऱ्यासाठी मोकळे सापडतील. याची किंमत अशी की तो ग्राहक एकटा असताना एक चतुर्थांश क्षमता वाया जाईल. शक्य असेल तर त्याहून चांगला उपाय म्हणजे वार्षिक अहवाल बारा महिन्यांच्या बारा कामांत तोडावा आणि शेवटी जोडावा. मग कोणतेही काम तीस सेकंदांच्या पुढे जाणार नाही आणि मर्यादेची गरजच फार थोडी उरेल.

येऊर

मी ग्राहक सांभाळण्याचे काम करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. मोठा ग्राहक सर्वांत जास्त पैसे देतो. त्याला आणि पाच कागद मागणाऱ्याला एकसारखी पाळी देणे मला न्याय्य वाटत नाही, आणि हा बदल आम्ही त्याच्यापुढे कोणत्या शब्दांत ठेवायचा, हाही प्रश्न आहे. तो उद्या विचारील की, माझा वाटा एकविसावा कसा?

पारसिक

त्याचा वाटा प्रत्यक्षात एकविसावा होत नाही. इतरांची कामे संपली की उरलेला सगळा वेळ त्यालाच मिळतो. वरच्या हिशेबात ४१,५०० कामांपैकी ४०,००० त्याची आहेत, म्हणजे त्या सकाळी वर्करांचा शहाण्णव टक्के वेळ त्यालाच जातो. पाळीमुळे फक्त क्रम बदलतो. तरीही करारात त्याला अग्रक्रम द्यायचा असेल, तर `weight` तीन करावा. मग सर्वजण रांगेत असतील तेव्हा त्याला तेवीस वाट्यांपैकी तीन मिळतील. एक फेरी आठऐवजी नऊ सेकंदांच्या आत संपेल आणि लहान ग्राहकाला तो फरक जाणवणारही नाही. वजन कितीही वाढवले तरी चालेल असे मात्र समजू नये. शंभर केले, तर एक फेरी पंचेचाळीस सेकंदांची होईल आणि पाच कागदांना चाळीस सेकंदांऐवजी जवळजवळ चार मिनिटे लागतील.

येऊर

हे मी ग्राहकाला सांगू शकेन. मात्र वजन पैशांच्या प्रमाणात ठरवावे की नाही, याविषयी माझे मत अजून बनलेले नाही. दिलेल्या पैशांच्या तुलनेत सर्वांत जास्त कामे पाठवणारा ग्राहक वेगळाच आहे.

नेरुळ_पूर्व

आम्ही अशीच खात्याची पद्धत वापरतो आणि तिच्यातील एक खड्डा सांगणे मला कर्तव्य वाटते. जो ग्राहक महिनाभर आला नाही, त्याचे खाते महिनाभर वाढत नाही. बाकीच्यांची खाती तेवढ्या काळात कित्येक तासांनी पुढे गेलेली असतात. तो परत आला की त्याचे खाते सर्वांत कमी असते आणि इतरांची बरोबरी होईपर्यंत, म्हणजे कित्येक तास, प्रत्येक मोकळा वर्कर त्याचेच काम घेतो. ज्या दुखण्यासाठी औषध घेतले, ते दुखणे मागच्या दाराने परत येते. आमच्याकडे ते ओळखू आले ते असे की, नव्याने नोंदवलेल्या ग्राहकाच्या पहिल्याच दिवशी इतर सर्वांची प्रतीक्षा एकदम वाढायची आणि कारण कोणाला सापडत नसे.

पारसिक

नेरुळ_पूर्व यांचे आभार, हा मुद्दा मी पुढे मांडणारच होतो. रिकामा ग्राहक पुन्हा रांगेत येतो, तेव्हा त्याचे खाते इतर सक्रिय ग्राहकांपैकी सर्वांत कमी असलेल्या खात्याच्या बरोबरीला आणावे, आणि ते आधीच जास्त असेल तर तसेच ठेवावे. न वापरलेल्या वेळेची शिल्लक साठू द्यायची नाही. लिनक्सच्या सीएफएस शेड्यूलरमध्ये झोपेतून उठणाऱ्या प्रक्रियेसाठी हाच विचार केलेला होता.

यात एक बारीक गोष्ट सुटते. पहाटे सगळीच रांग रिकामी असते, तेव्हा तुलनेला एकही सक्रिय ग्राहक नसतो. म्हणून हा किमान आकडा वेगळ्या ओळीत जपून ठेवावा आणि तो फक्त पुढेच सरकू द्यावा. याचा दुसरा फायदा असा की रात्री मोकळे वर्कर वापरून ज्याने चार तासांचे काम करून घेतले, त्याचे खाते सकाळी येणाऱ्यांच्या तुलनेत फार पुढे दिसत नाही, कारण तेही त्याच आकड्यापासून सुरू करतात. रिकामी क्षमता वापरल्याबद्दल कोणाला नंतर शिक्षा होऊ नये.

ऐरोलीकर

वरील सर्व सूचना एकत्र करून आम्ही चाचणीच्या सर्व्हरवर ही पद्धत चालवली आणि एक विचित्र गोष्ट दिसली. अनेक ग्राहक असताना प्रतीक्षा अपेक्षेप्रमाणे एका मिनिटाच्या आत राहते. पण मोठा ग्राहक एकटाच उरला की आठपैकी तीन-चारच वर्कर काम करताना दिसतात आणि बाकीचे मोकळे असतात. त्याचा `cap` आठच ठेवलेला आहे.

नेरुळ_पूर्व

रिकामे उत्तर मिळाल्यावर तुमचा वर्कर किती वेळ झोपतो?

ऐरोलीकर

पाच सेकंद.

नेरुळ_पूर्व

मग कारण तेच असावे. सक्रिय ग्राहक एकच असल्यामुळे टेबलात उचलण्याजोगी ओळही एकच आहे. एका वर्करने ती कुलूपबंद केलेली असताना दुसरा आला, तर `SKIP LOCKED` त्याला थांबवत नाही, ती ओळ वगळते आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. रांग रिकामी आहे असे समजून तो पाच सेकंद झोपतो. रिकामे उत्तर आल्यावर काही मिलिसेकंदांचा अनियमित विराम घेऊन पुन्हा विचारावे आणि लागोपाठ काही वेळा रिकामेच आले तरच लांब झोप घ्यावी. त्याचप्रमाणे ४०,००० कामे नोंदवताना प्रत्येक कामासाठी ग्राहकाच्या ओळीतील `pending` एकेकाने वाढवू नये. कामे पाचशे-हजारांच्या गठ्ठ्यांनी घालून प्रत्येक गठ्ठ्याला एकदाच आकडा वाढवावा, नाहीतर नोंदणी चालू असेपर्यंत ती ओळ सतत कुलूपबंद राहील.

आणखी एक पाहावे. वर्कर मध्येच बंद पडला, तर `running` कमी करायला कोणी उरत नाही. असे आठ वेळा झाले की त्या ग्राहकाचे एकही काम कधीच उचलले जाणार नाही. प्रत्यक्ष चालू कामे मोजून हा आकडा दर मिनिटाला पडताळणारी लहानशी प्रक्रिया हवीच.

ऐरोलीकर

विराम कमी केल्यावर आठही वर्कर सतत कामात दिसू लागले. मनापासून आभार.

महिनाअखेर पार पडली. लहान ग्राहकांपैकी कोणालाही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागले नाही आणि मोठ्या ग्राहकाचे काम दीड वाजण्यापूर्वी संपले. आमच्या फलकावर मात्र सर्व कामांची सरासरी प्रतीक्षा पूर्वीसारखीच दोन तासांच्या आसपास दिसते, कारण त्या सरासरीत ४०,००० कामे एकाच ग्राहकाची आहेत. म्हणून आता आम्ही प्रत्येक ग्राहकाच्या सर्वांत जुन्या प्रलंबित कामाचे वय वेगवेगळे दाखवू लागलो आहोत.

आता नवा पेच असा आहे की मोठ्या ग्राहकाने पुढील महिन्यापासून त्याच्या अकरा शाखांसाठी अकरा स्वतंत्र खाती मागितली आहेत. त्याची कारणे हिशेबाची आहेत, त्यात लबाडी नाही. परंतु ती खाती दिली, तर त्याला एकाऐवजी अकरा पाळ्या मिळतील.

पारसिक

पाळी दोन पातळ्यांवर करता येते. आधी कंपनी निवडायची आणि मग तिच्या शाखांमध्ये आळीपाळी करायची. त्यासाठी खाते कंपनीच्या नावावर ठेवावे लागेल.

येऊर

त्याच्या दोन शाखा स्वतंत्र कंपन्या म्हणून नोंदवलेल्या आहेत आणि त्यांची बिलेही वेगळी जातात. त्यांना वेगळे ग्राहक धरायचे की एकाच घरचे, हे आधी करार पाहून ठरवावे लागेल. मी कागद काढून इथे कळवते.